भागीदार गेल्यावरचा हिशेब

भागीदारीतला एक माणूस गेला की तेराव्यानंतर घरचे दुकानात येतात आणि त्यांचे दोन प्रश्न असतात. आमचा माणूस वर्षाच्या मध्येच गेला, मग एक एप्रिलपासून त्या दिवसापर्यंतच्या नफ्यातले आम्हाला काय? आणि दुसरा, जरा आवाज खाली करून विचारलेला: त्यांच्या नावाची विम्याची पॉलिसी होती ना, तिचे पैसे आमचेच ना?

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पहिल्याचे उत्तर भागीदारीच्या करारात, म्हणजे डीडमध्ये, लिहिलेले असायला हवे. दुसऱ्याचे उत्तर ऐकून बहुतेक घरे नाराज होतात.

तालुक्याच्या गावातले एक बी-बियाणे आणि खतांचे दुकान धरू. तीन भागीदार: अण्णा, तात्या आणि बापू. नफ्याची वाटणी ३:२:१, म्हणजे तात्यांचा वाटा एक तृतीयांश. हिशेबाचे वर्ष ३१ मार्चला संपते. गेल्या वर्षी विक्री १ कोटी २० लाखांची आणि भांडवलावरचे व्याज वजा जाता नफा ९ लाखांचा. तात्या ३१ जुलैला गेले. माणसे आणि आकडे दोन्ही समजुतीपुरते आहेत. धंदा मुद्दाम खतांचा निवडला आहे.

३१ जुलैला कुणी दुकान बंद करून माल मोजत बसत नाही. वर्षाचा खरा नफा मार्चअखेरीलाच कळणार. त्यामुळे चार महिन्यांचा नफा अंदाजानेच काढावा लागतो आणि अंदाजाच्या दोन सरळ रीती आहेत. एक काळाची: गेल्या वर्षी ९ लाख, तर चार महिन्यांचे ३ लाख, त्यातला तात्यांचा तिसरा हिस्सा १ लाख. दुसरी विक्रीची: गेल्या वर्षी विक्रीच्या साडेसात टक्के नफा पडला होता. यंदा एप्रिल ते जुलै विक्री झाली ७२ लाखांची. तिच्यावर साडेसात टक्के म्हणजे ५ लाख ४० हजार आणि तात्यांचा हिस्सा १ लाख ८० हजार.

माणूस तोच, तारीख तीच, फरक ८० हजारांचा. कारण उघड आहे. खरिपाची पेरणी जून-जुलैत होते, बियाणे आणि खताची निम्म्याहून जास्त विक्री त्या दोन महिन्यांत उरकते. काळाची रीत प्रत्येक महिना सारखा मानते आणि खताच्या दुकानात महिने सारखे नसतात. पण लगेच विक्रीची रीत घरच्यांच्या फायद्याची असे समजू नये. तात्या ३१ मेलाच गेले असते आणि तोवर विक्री ६ लाखांचीच झाली असती, तर विक्रीच्या रीतीने हिस्सा आला असता १५ हजार, काळाच्या रीतीने ५० हजार. म्हणून रीत आधी ठरलेली असावी लागते. माणूस गेल्यावर ती निवडायला बसले की जो तो आपल्या सोयीची रीत न्याय्य ठरवतो. काही डीडमध्ये मागच्या तीन-चार वर्षांच्या सरासरी नफ्यावर हिस्सा काढायचा असे असते. एखादे वर्ष दुष्काळाचे गेले असेल तर त्याने आकडा थोडा समतोल होतो, पण महिने सारखे धरण्याचा दोष तसाच राहतो.

विक्रीच्या रीतीतही एक खोच आहे. जुलैपर्यंतच्या ७२ लाखांतला बराच भाग उधारीचा असतो, पीक हाती आल्यावर वसूल होणारा. वहीत विक्री धरली, तिच्यावर नफाही धरला, पण त्यातली काही उधारी बुडाली तर? ती झळ अण्णा आणि बापूंना बसते. तात्यांच्या घरच्यांना दिलेले परत मागता येत नाही, डीडमध्ये तसे लिहिले नसेल तर.

हा १ लाख ८० हजारांचा हिस्सा नफा-तोटा खात्यात थेट टाकता येत नाही, कारण ते खाते अजून तयारच झालेले नसते. तो तात्यांच्या भांडवल खात्यावर जमा करतात आणि तेवढीच रक्कम नफा-तोटा उचंत खात्यावर नावे टाकून ठेवतात. मार्चअखेरीला वर्षाचा नफा समजा ८ लाख ४० हजार निघाला. त्यातून आधी हे १ लाख ८० हजार वजा जातात आणि उरलेले ६ लाख ६० हजार अण्णा-बापूंत ३:१ ने वाटले जातात. मृत्यूच्या वर्षाचा ताळेबंद हाती आला की हे उचंत खाते अजून शिल्लक दिसते का ते पाहावे. दिसत असेल, तर ही रक्कम वर्षाच्या नफ्यातून वजा झालेलीच नाही आणि अण्णा-बापूंनी आपसांत त्या मानाने जास्त नफा वाटून घेतला आहे.

आता पॉलिसी. तिघांच्या आयुष्यावर मिळून एक संयुक्त विमा पेढीने काढला होता, रक्कम १२ लाख, तिघांपैकी कोणीही पहिला गेला की मिळणारी. हप्ता वर्षाला ६० हजार, पेढीच्या खात्यातून, पाच वर्षे भरला. इथे घरच्यांची समजूत चुकते. हप्ता पेढीने भरला, म्हणजे तिघांच्या नफ्यातून गेला. म्हणून येणारे पैसेही तिघांचे, जुन्या वाटणीच्या प्रमाणात. तात्या गेले म्हणून पैसे आले, पण ते केवळ तात्यांच्या घरचे होत नाहीत. पाच वर्षांचे हप्ते दरवर्षी खर्च म्हणून टाकले असतील तर १२ लाखांतले ६ लाख अण्णांच्या खात्यावर, ४ लाख तात्यांच्या आणि २ लाख बापूंच्या खात्यावर जमा होतात.

मात्र पुष्कळ पेढ्या हप्ता पूर्ण खर्चात टाकत नाहीत. पॉलिसी आज मोडली तर विमा कंपनी जेवढे देईल ते समर्पण मूल्य मालमत्ता म्हणून ताळेबंदात दाखवतात आणि हप्त्याचा उरलेला भागच खर्चात घालतात. आपल्या उदाहरणात पाच वर्षांत ३ लाख भरले आणि ताळेबंदात पॉलिसी १ लाख २० हजारांना उभी आहे असे धरू. मग १२ लाख आले तेव्हा त्यातले १ लाख २० हजार आधीपासूनच पेढीचे होते. नवा लाभ १० लाख ८० हजारांचा. तात्यांना त्यातले ३ लाख ६० हजार. घरचे म्हणतील, ४० हजार कुठे गेले? कुठेही गेले नाहीत. गेल्या पाच वर्षांत खर्च १ लाख २० हजारांनी कमी पडला, नफा तेवढा जास्त दिसला आणि त्यातले ४० हजार तात्यांच्या भांडवलात कधीच जाऊन बसले आहेत.

गफलत नेमकी इथे होते. घाईत कोणी सगळे १२ लाख वाटून टाकतो आणि ताळेबंदातली पॉलिसी तशीच राहू देतो. मग तेच पैसे दोनदा मोजले जातात आणि तात्यांच्या घरी ४० हजार जास्त जातात. ओळखायची खूण सोपी: विम्याचे पैसे बँकेत आल्यानंतरच्या ताळेबंदात पॉलिसी मालमत्ता म्हणून दिसली, तर हिशेब चुकला. मात्र पॉलिसीइतकाच राखीव निधी देणी बाजूला ठेवलेला असेल तर तो निधीही तिघांचाच. तेव्हा एकूण वाटणी पुन्हा १२ लाखांचीच होते.

पॉलिसी खरेच पेढीची आहे का, हा प्रश्न यापेक्षा जास्त भांडणे लावतो. प्रस्ताव पेढीच्या नावाने होता का, हप्ता कोणत्या खात्यावर पडला, डीडमध्ये तिचा उल्लेख आहे का, हे पाहायचे. हप्त्याचा चेक पेढीचा होता, पण वहीत तो तात्यांच्या उचल खात्यावर टाकला होता, असे निघाले तर तात्यांच्या घरच्यांची बाजू भक्कम होते, कारण तो पैसा शेवटी तात्यांच्याच खिशातून गेला. पुष्कळ ठिकाणी प्रत्येक भागीदारावर वेगळी पॉलिसी काढतात. तिथे गेलेल्याच्या पॉलिसीची पूर्ण रक्कम येते, पण उरलेल्या दोघांच्या पॉलिसीही पेढीच्याच असल्याने त्यांच्या समर्पण मूल्यातही गेलेल्याचा वाटा निघतो. हा वाटा द्यायचा राहून जातो असे हमखास घडते.

तात्यांचे खाते आता जुळवू. ३१ मार्चचे भांडवल ५ लाख. त्यावर करारातल्या सहा टक्क्यांनी चार महिन्यांचे व्याज १० हजार. नफ्याचा हिस्सा १ लाख ८० हजार. विम्यातले ३ लाख ६० हजार. ख्याती, म्हणजे दुकानाच्या नावाची किंमत, डीडमधल्या रीतीने काढली आणि तात्यांचा वाटा ३ लाख आला असे मानू. तो अण्णा-बापूंच्या भांडवलातून जातो. एकूण साडेतेरा लाख. चार महिन्यांत दरमहा १२ हजारांप्रमाणे उचललेले ४८ हजार वजा. घरच्यांचे निघाले १३ लाख २ हजार.

ही रक्कम ऑगस्टमध्ये द्यायची कशी? दुकानाचा पैसा उधारीत आणि गोदामातल्या पोत्यांत अडकलेला. बँक भागीदाराच्या मृत्यूची खबर मिळताच कॅश क्रेडिट खाते बहुधा थांबवते आणि नव्या कागदांवर सह्या झाल्याशिवाय उघडत नाही. अशा वेळी संयुक्त पॉलिसीचा खरा उपयोग दिसतो. हिशेबात अण्णांचे ५ लाख ४० हजार आणि बापूंचे १ लाख ८० हजार त्यांच्या भांडवलावर जमा झाले, पण रोख १२ लाख तर पेढीच्या बँकेत आहेत. मालकी तिघांची असली तरी तो पैसा पेढी तात्यांच्या घरच्यांचे देणे भागवायला वापरू शकते. १२ लाख एकरकमी दिले की मागे राहतात १ लाख २ हजार, ते कर्ज खात्यावर टाकून हप्त्यांनी फेडता येतात. म्हणजे घरच्यांना पॉलिसीचा वाटा म्हणून ३ लाख ६० हजारच मिळाले, पण १२ लाख वेळेवर मिळाले ते पॉलिसीमुळे.

पैसे दिलेच नाहीत आणि दुकान तसेच चालू ठेवले तर भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ चे कलम ३७ घरच्यांच्या बाजूने उभे राहते. उलट करार नसेल, तर थकलेल्या रकमेवर वर्षाला सहा टक्के व्याज घ्यायचे, की तो पैसा धंद्यात राहिल्याने जो नफा झाला त्यातला वाटा घ्यायचा, हे निवडण्याचा हक्क वारसांचा. १३ लाख २ हजार वर्षभर अडकले तर व्याज ७८,१२० रुपये. नफ्याचा मार्ग निवडला तर मात्र जुना एक तृतीयांश हिस्सा आपोआप चालू राहत नाही. त्यांच्या पैशाच्या वापरामुळे किती नफा झाला ते दाखवावे लागते, आणि वह्या अण्णांकडे असतात. त्यामुळे बरेच वारस व्याजावरच समाधान मानतात.

हे सगळे दुकान पुढे चालू आहे असे धरून. त्याच कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे, डीडमध्ये वेगळे काही नसेल तर एक भागीदार गेला की पेढीच विसर्जित होते. आणि भागीदार दोनच असतील तर डीडमध्ये काहीही लिहिले तरी उपयोग नाही, कारण एकट्याची भागीदारी होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये गोविंदराम शुगर मिल्सच्या प्रकरणात हे स्पष्ट केले. तेव्हा नफ्याचा अंदाज काढत बसण्याऐवजी मालमत्ता विकून, देणी फेडून जे उरेल ते वाटावे लागते, आणि पॉलिसीचे पैसेही त्याच राशीत पडतात.