जुने पान संगणकात उतरवताना

वाचनालयाने शंभर वर्षांपूर्वीचे पुस्तक स्कॅन करून ठेवले की ते पडद्यावर सुरेख दिसते. पण त्यात ‘पुणे’ हा शब्द शोधायला गेलात तर काही सापडत नाही. संगणकाच्या लेखी ते पान म्हणजे ठिपक्यांचे चित्र असते, त्यात शब्द नसतातच. या चित्रातला मजकूर शोधता येईल, दुरुस्त करता येईल आणि पुन्हा छापता येईल अशा अक्षरांत उतरवायचा, तर तीन वाटा आहेत. छापील मजकूर यंत्राकडून वाचवून घ्यायचा, त्याला ओसीआर म्हणतात. हाताने लिहिलेला मजकूर यंत्राकडून वाचवून घ्यायचा, ते हस्ताक्षर-ओळख. आणि तिसरी वाट म्हणजे माणसाने समोर पान ठेवून सरळ टाइप करायचे.

या कामात नवा आलेला माणूस बहुधा एवढेच विचारतो, की यातले लवकर काय होईल? मला त्याऐवजी दुसराच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. तिन्ही वाटांनी चुका होतात, पण प्रत्येक वाटेची चूक वेगळ्या जातीची असते. कोणती चूक आपल्याला पकडता येणार आहे, ते आधी ठरवायला हवे.

ओसीआरपासून सुरुवात करू. पान साधारण ३०० डीपीआयला स्कॅन करायचे, म्हणजे इंचाला तीनशे ठिपके. मग यंत्र पान सरळ करते, कागदाचा पिवळेपणा काढून काळे-पांढरे करते, रकाने आणि ओळी शोधते, आणि एकेक ओळ वाचते. पूर्वीच्या पद्धतीत देवनागरीसाठी आधी शिरोरेषा खोडून अक्षरे सुटी करावी लागत, कारण त्या एका रेघेने सगळा शब्द जोडलेला असतो. जोडाक्षरांपाशी ही पद्धत अडायची. आता सगळी ओळच एकदम वाचली जाते आणि आधीचे-पुढचे अक्षर पाहून मधल्याचा अंदाज घेतला जातो. टेसरॅक्ट हा फुकट मिळणारा ओसीआर असेच करतो. त्याचा जन्म १९८० च्या दशकात ह्युलेट-पॅकर्डच्या प्रयोगशाळेत झाला, २००५ साली तो सर्वांना खुला झाला आणि २०१८ च्या चौथ्या आवृत्तीत ही ओळ वाचण्याची रीत आली. मराठीसाठी त्याला एवढेच सांगावे लागते:

```
tesseract pan.png pan -l mar
```

चित्र `pan.png`, निघणारा मजकूर `pan.txt` मध्ये, आणि `mar` म्हणजे मराठी.

आता एक ओळ जवळून पाहू. जुन्या वळणाची ही ओळ मी उदाहरणासाठी रचली आहे:

त्यांनीं पुण्यास जावयाचें ठरविलें आणि दुसऱ्या दिवशीं गाडी घेतली.

यंत्राने ती अशी वाचली असे समजा:

त्यांनी पुण्यास जावयाचे ठरविले आणि दुसया दिवशी गाडी घेतली.

वाचताना डोळा फक्त ‘दुसया’पाशी अडखळतो. शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रणालीलाही तेवढाच शब्द खटकेल. प्रत्यक्षात नऊपैकी पाच शब्द चुकले आहेत. ‘त्यांनीं’, ‘जावयाचें’, ‘ठरविलें’, ‘दिवशीं’ यांच्या टोकाचे अनुस्वार गळले आणि ‘दुसऱ्या’तला अर्धा र गेला. संगणक काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त आणि शब्दांमधली रिकामी जागा यांना वेगवेगळी चिन्हे धरतो. तसे मोजले तर मूळ ओळीत ६४ चिन्हे आहेत आणि त्यांतली सहा पडली आहेत. म्हणजे चिन्हांमागे चुकीचे प्रमाण शेकडा नऊच्या वर गेले. या कामात दर्जा मोजतात तो असाच: मूळ मजकूर करायला किती चिन्हे घालावी, काढावी किंवा बदलावी लागतील ते मोजून मूळच्या चिन्हसंख्येने भागायचे.

अनुस्वारच का गळतात, याची दोन कारणे आहेत. जुन्या छपाईत तो टिंबाएवढा ठिपका कधी फिकट उठलेला असतो, तर कधी कागदावरच्या डागासारखा दिसतो. चित्र स्वच्छ करताना ‘ठिपके काढा’ हा पर्याय निवडला तर डागांबरोबर अनुस्वारही पुसले जातात. दुसरे कारण अधिक फसवे आहे. यंत्र ज्या मराठीवर शिकले ती मुख्यतः आजची आहे. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ साली मान्य झाले आणि त्यानंतर हे अनुच्चारित अनुस्वार लेखनातून गेले. त्यामुळे ‘जावयाचें’ दिसले तरी यंत्राचा कल ‘जावयाचे’कडे जातो. काहींना वाटेल, गेले तर गेले, वाचायला सोपे झाले. पण जुन्या मराठीत ‘ती’ ही एक मुलगी असू शकते आणि ‘तीं’ ही अनेक मुले असू शकतात. ज्याला पुस्तक जसेच्या तसे हवे आहे त्याच्या हाती इथे दुसरेच पुस्तक येते.

बाकीच्या चुका मानाने बऱ्या, कारण त्या दिसतात. ‘ख’चे ‘रव’ होते, ‘घ’ आणि ‘ध’ किंवा ‘भ’ आणि ‘म’ एकमेकांच्या जागी जातात, शब्दाच्या टोकाचा काना पूर्णविरामाचा दंड होऊन बसतो. आकड्यांकडे मात्र निराळे लक्ष द्यावे. १ च्या जागी ९ आला तर वाक्य बिनचूक वाटते आणि सन बदलतो. दोन रकान्यांच्या पानात डावी ओळ संपताच यंत्र उजव्या रकान्यात शिरले, तर प्रत्येक शब्द बरोबर आणि मजकूर निरर्थक, असाही प्रकार होतो.

हाताने लिहिलेल्या कागदावर छापील मजकुराचा ओसीआर चालवून पाहिला तर बहुधा अक्षरांची खिचडी मिळते. छापखान्याच्या खिळ्यात ‘क’ दरवेळी सारखाच येतो. आजोबांच्या रोजनिशीत एकाच ओळीतले दोन ‘क’ जुळतीलच असे नाही. म्हणून हस्ताक्षर-ओळखीत यंत्राला आधी ते वळण शिकवावे लागते. युरोपातल्या अभिलेखागारांत ट्रान्सक्रिबस ही प्रणाली यासाठी बरीच वापरली जाते, आणि तिची रीत समजली की बाकीच्याही समजतात. प्रथम पानावरच्या प्रत्येक ओळीची बैठक आखायची. मग काही पाने माणसाने ओळीला ओळ लावून अगदी बरहुकूम उतरवायची. एका हाताच्या लेखनासाठी पाच ते पंधरा हजार शब्द तरी असावेत, असा सर्वसाधारण अंदाज आहे. ते यंत्राला देऊन शिकवायचे आणि काही पाने मुद्दाम बाजूला ठेवायची. न पाहिलेल्या त्या पानांवर यंत्र किती चुकते, तोच खरा निकाल. शिकवलेल्या पानांवरचा निकाल नेहमी देखणा येतो, त्यावर जाऊ नये.

हा हिशेब नवख्यांच्या लक्षात येत नाही. तुमच्याकडे तीस पानांचा पत्रव्यवहार असेल, तर यंत्राला शिकवण्यापुरते उतरवता उतरवताच काम संपते. हस्ताक्षर-ओळख पुरते ती एकाच कारकुनाने किंवा एकाच वळणाने शेकडो पाने लिहिली असतील तेव्हा.

मोडीचे उदाहरण आपल्याला जवळचे आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडीचे कोट्यवधी कागद आहेत, आणि २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची गरज एकदम सगळ्यांना जाणवली. मोडीत आधी ओळभर शिरोरेषा ओढून तिच्याखाली सलग लिहितात. शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळलेला नसतो, नेहमीचे शब्द संक्षेपात येतात. म्हणजे अक्षर ओळखले तरी शब्द कुठे तुटतो हे वेगळे ठरवावे लागते, आणि ते ठरवायला त्या काळची कागदपत्रांची भाषा ठाऊक असावी लागते. यंत्र इथे ओळखीचा शब्द पाहिला की तिकडे झुकते. अनोळखी गावाचे किंवा आडनावाचे नाव आले की त्याच्या जागी जवळचे, नेहमीचे नाव बसवते, आणि ओळ गुळगुळीत वाचता येते. ओसीआरची चूक निदान विद्रूप असते. इथली चूक सभ्य दिसते. म्हणून हस्ताक्षराच्या मजकुरात विशेषनामे, रकमा आणि तारखा मूळ कागदाशी एकेक करून ताडून पाहाव्यात, बाकीचा मजकूर कितीही चांगला वाटो.

राहिले हाताने टाइप करणे. याला मागासलेले समजण्याचे कारण नाही. महाराष्ट्रातल्या टंकलेखन परीक्षेत मराठीचा पहिला टप्पा मिनिटाला तीस शब्दांचा असतो. तीनशे शब्दांचे पान त्या वेगाने दहा मिनिटांत होते, जुने पान असेल तर जास्त वेळ लागतो. त्याच पानात साधारण १८०० चिन्हे धरू. ओसीआरने शंभरात दोन चुकवली तर ३६ दुरुस्त्या कराव्या लागतील, आणि तेवढ्या परवडतात. शंभरात दहा चुकवली तर १८०, आणि प्रत्येक चूक आधी शोधायची, मग सुधारायची. अशा वेळी नव्याने टाइप करणेच लवकर होते. म्हणून मोठे काम घेण्यापूर्वी पुस्तकाच्या निरनिराळ्या भागांतली दोन-चार पाने ओसीआरला द्यावीत, चुका हाताने मोजाव्यात आणि मगच वाट ठरवावी.

टाइप करणाऱ्याच्या चुकाही ठरलेल्या असतात. दोन ओळी एकाच शब्दाने संपत असतील तर डोळा पहिलीवरून थेट दुसरीवर जातो आणि मधला मजकूर गळतो; वाक्य तरीही चालून जाते. दुसरी खोड म्हणजे हात आपोआप आजचे शुद्धलेखन लिहितो. जे अनुस्वार यंत्राने खाल्ले, तेच इथे माणूस खातो.

यावर जुना आणि भरवशाचा उपाय म्हणजे दोघांनी एकमेकांचे न पाहता तेच पान टाइप करायचे आणि दोन्ही फाइली संगणकाला ताडायला सांगायच्या. जिथे फरक दिसतो तिथेच मूळ पान उघडायचे. दोघांनी एकाच जागी एकच चूक करण्याची शक्यता कमी असते. मात्र दोघांचा कीबोर्ड आणि फाँट आधी ठरवून घ्यावा, आणि मजकूर युनिकोडमध्येच असावा. तरीही ‘दुसऱ्या’तला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एकात नुक्त्याचा ऱ वापरतात, दुसऱ्यात साधा र आणि एक न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही शब्द सारखे, संगणकाला मात्र वेगळे. मग पानापानावर खोट्या फरकांच्या रांगा लागतात आणि खरे फरक त्यांत हरवतात. तुलनेआधी दोन्ही फाइलींत ‘शोधा आणि बदला’ करून एकच प्रकार ठेवला की हा त्रास थांबतो.

मराठी विकिस्रोतावर याच कामाचा एक प्रकार चालू अवस्थेत पाहता येतो. एका बाजूला स्कॅन केलेले पान, दुसऱ्या बाजूला बहुधा ओसीआरने काढलेला मजकूर, आणि पानाच्या अवस्थेप्रमाणे रंग. न तपासलेले पान लाल, एकाने तपासलेले पिवळे, दुसऱ्याने पुन्हा तपासले की हिरवे. आधी पिवळी पाने उघडावीत. पहिल्याच्या नजरेतून काय सुटते ते तिथे कळते, आणि जुन्या पुस्तकात शोध घ्यायचा झाला तर तो बहुतेक वेळा शब्दांच्या टोकाच्या अनुस्वारांपासूनच सुरू करावा लागतो.