स्पॅम कुठून आला, हे सांगणारा ईमेल पत्ता

जीमेलच्या पत्त्यात @ या चिन्हाच्या आधी + टाकून पुढे हवा तो शब्द जोडता येतो. `naav@gmail.com` हा मूळ पत्ता असेल, तर `naav+saree@gmail.com` या पत्त्यावर पाठवलेले पत्रही त्याच पेटीत येते. त्यासाठी नवे खाते उघडावे लागत नाही की कुठे नोंदणी करावी लागत नाही. आउटलुकच्या पत्त्यांनाही ही सोय आहे. अधिकाच्या पुढचा भाग पत्र पोहोचवताना विचारात घेतला जात नाही, पण पत्रावर तो तसाच राहतो. प्रत्येक दुकानाला, न्यूजलेटरला आणि फॉर्मला असा वेगळा उपपत्ता दिला, तर नको असलेली जाहिरात कोणाला दिलेल्या पत्त्यावर आली हे पत्त्यावरूनच कळते.

मनाला येईल तो शब्द जोडत गेल्यास मात्र काही महिन्यांत गोंधळ होतो. लॉगिन करताना `+saree` दिले होते की `+sadi`, हे आठवत नाही. दुकानाच्या काउंटरवर बिलासाठी ईमेल विचारला जातो, तेव्हा यादी उघडून बघायलाही वेळ नसतो. म्हणून उपपत्ता पाठ करावा लागू नये, नियमावरून केव्हाही पुन्हा तयार करता यावा. त्यासाठी तीन भागांची रचना पुरते.

पहिला भाग प्रकाराचा: खरेदीसाठी `kh`, न्यूजलेटरसाठी `pt`, फॉर्मसाठी `fm`. दुसरा भाग त्या ठिकाणाच्या नावाचा, वेबसाइटवर असेल त्याच स्पेलिंगमध्ये. तिसरा भाग पडताळणीचा: नावाचे शेवटचे अक्षर आणि नावातील अक्षरांची संख्या. `paithani` या नावात आठ अक्षरे आहेत आणि शेवटचे अक्षर i आहे, म्हणून `i8`. याच नियमाने पुढील पत्ते तयार होतात:

```
naav+kh-paithani-i8@gmail.com
naav+pt-sheti-i5@gmail.com
naav+fm-pradarshan-n10@gmail.com
```

पडताळणीचा भाग अनावश्यक वाटेल, पण त्याचे काम महत्त्वाचे आहे. दुकानाचे नाव कोणालाही ठाऊक असते, त्यामुळे `+paithani` असा पत्ता अंदाजानेही बनवता येतो. `i8` सह आलेले पत्र अंदाजाने आले असण्याची शक्यता फारच कमी. अर्थात प्रत्येकाने नियम स्वतःचा ठरवावा आणि तो कोणाला सांगू नये. पत्ता दिल्याची तारीख त्यात घालू नये, कारण ती लक्षात राहत नाही. त्या ठिकाणाहून आलेल्या पहिल्या पत्रावरून ती केव्हाही शोधता येते.

ही रचना एका नियमावर उभी आहे: एक उपपत्ता एकाच ठिकाणी द्यायचा. तोच पत्ता दोन दुकानांना दिला, की माग काढणे संपले.

आता एक उदाहरण पाहू. साडीविक्रीच्या एका वेबसाइटला `naav+kh-paithani-i8@gmail.com` हा पत्ता दिला आहे. चार महिन्यांनी झटपट कर्ज देऊ करणारे पत्र येते. असे पत्र बहुधा स्पॅमच्या फोल्डरमध्ये असते आणि जीमेल ते तीस दिवसांनी पुसून टाकते, म्हणून शोध वेळेत घ्यावा लागतो. पत्र उघडून ‘प्रति’च्या ओळीत पत्ता पाहावा. तिथे तो नसेल, म्हणजे पत्र अनेकांना एकत्र आणि पत्ते लपवून पाठवलेले असेल, तर संगणकावर जीमेल उघडून त्या पत्राच्या तीन टिंबांच्या मेनूतील `Show original` निवडावे. त्यात दिसणाऱ्या मजकुरात `kh-` शोधले, की पत्र कोणत्या पत्त्यावर पोहोचले ते सापडते.

यावरून पत्ता साडीविक्रेत्याकडे दिलेलाच आहे एवढे नक्की होते. विक्रेत्याने तो विकला, असा निष्कर्ष मात्र लगेच काढता येत नाही. त्याच्या वतीने जाहिरातीची पत्रे पाठवणारी कंपनी, कुरिअर किंवा वेबसाइटवरील चोरी, यांपैकी कुठूनही तो बाहेर गेलेला असू शकतो. आणखी एक गोष्ट तपासावी. त्याच आठवड्यात `kh-`, `pt-` आणि `fm-` अशा अनेक उपपत्त्यांवर तसाच स्पॅम येऊ लागला असेल, तर गळती दुकानात नसून स्वतःच्या बाजूला असण्याची शक्यता अधिक. मेलपेटी वाचण्याची परवानगी दिलेले एखादे अॅप हे त्याचे एक कारण असू शकते. एकाच उपपत्त्यावर स्पॅम येत असेल, तर संशय त्या एकाच ठिकाणापुरता राहतो. विक्रेत्याला विचारणा करताना हा पुरावा उपयोगी पडतो. भारतातील 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार अशा विक्री-वेबसाइटने तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव व संपर्क दाखवणे बंधनकारक आहे.

यानंतर पत्ता बंद करायचा. आधी विक्रेत्याच्या वेबसाइटवरील खात्यात नवा पत्ता नोंदवावा: `naav+kh-paithani-i8-2@gmail.com`. हा क्रम चुकला, तर बिल आणि पासवर्ड बदलण्याची पत्रेही कचऱ्यात जातात. मग जीमेलच्या शोधपट्टीत

```
to:naav+kh-paithani-i8@gmail.com
```

असे लिहून त्यावर फिल्टर तयार करावा आणि ‘पुसून टाका’ हा पर्याय निवडावा. अधिकाच्या चिन्हाचा पत्ता खरोखर बंद होत नाही. पत्रे येतच राहतात, फक्त नजरेआड होतात.

या पद्धतीला दोन मोठ्या मर्यादा आहेत. काही वेबसाइटचे फॉर्म + हे चिन्हच स्वीकारत नाहीत, जरी ईमेलच्या नियमांनुसार ते वैध असले तरी. दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. पत्त्यांच्या याद्या विकणारे अधिकापासून @ पर्यंतचा भाग सहज कापू शकतात, आणि मग उरतो तो मूळ पत्ता. यावर अर्धा उपाय आहे. खरेदी आणि फॉर्मसाठी स्वतंत्र खाते काढावे आणि त्याचा मूळ पत्ता कोणालाही देऊ नये. मूळ पत्त्यावर पत्र आले, म्हणजे कोणीतरी शेपूट कापले हे कळते. मात्र ते कोणी कापले, हे कळत नाही.

कापता येणार नाही असा पत्ता हवा असेल, तर फायरफॉक्स रिले, सिंपललॉगिन किंवा अॅपलची ‘हाइड माय ईमेल’ यांसारखी सेवा वापरावी. तिथे प्रत्येक पत्ता स्वतंत्र असतो, त्यात मूळ पत्ता नसतो आणि तो खरोखर बंद करता येतो. स्वतःचे डोमेन घेतल्यास `kh-paithani-i8@` एवढाच पत्ता देता येतो आणि लक्षात राहणारी रचनाही टिकते. पण डोमेनचे नूतनीकरण राहिले आणि ते दुसऱ्याने घेतले, तर त्यावर येणारी सगळी पत्रे त्याच्या हाती जातात, पासवर्ड बदलण्याच्या दुव्यांसकट.

म्हणून बँक, प्राप्तिकर आणि विमा यांना असे उपपत्ते देऊ नयेत. तिथे हवा असतो तो वर्षानुवर्षे न बदलणारा पत्ता. खरेदी, न्यूजलेटर आणि फॉर्म यांचे पत्ते मात्र गरज संपली की टाकून देता येतील असेच असावेत.