कुकरच्या तीन शिट्ट्या आणि रात्रपाळी

वहिनी नर्स आहेत. आठला रात्रपाळी सुटली की पावणेनऊला त्या डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत येतात आणि नऊ वाजता आडव्या होतात. अकराला कुकरची शिट्टी होई, डोळे उघडत, आणि मग एक वाजेपर्यंत नुसती कूस बदलणं.

"एवढी दमतेस, मग झोप कशी लागत नाही?" हा आईचा प्रश्न. पण झोप नुसत्या दमण्यावर चालत नाही. जागेपणी झोपेचा भार साठत जातो, तो एक भाग. शरीराचं घड्याळ हा दुसरा. नऊला भार भरपूर, म्हणून झोप लगेच आणि गाढ लागते. दोन तासांत त्यातला बराच उतरतो, आणि तोवर घड्याळ दिवस उजाडल्याचं सांगून अंग जागं करू लागलेलं असतं. म्हणून नऊच्या शिट्टीने जी बाई हलतही नाही, ती अकराच्या शिट्टीने उठून बसते.

हे कळल्यावर आम्ही घर गप्प करायचा नाद सोडला, फक्त वेळा बदलल्या. कुकर, मिक्सर, भांडी सगळं दहाच्या आत. दहा ते दीड दाराची बेल बंद. दीडला वहिनी उठून जेवतात, तेव्हा मुलं शाळेतून येतात आणि हवा तेवढा दंगा करतात. साडेचार ते सहा पुन्हा झोप, तेव्हा मुलं खाली खेळायला. दोन्ही मिळून सहा तास होतात. संध्याकाळच्या झोपेने पहाटे चारची डुलकीही कमी होते. मात्र उठल्यावर अर्धा तास डोकं जड राहतं, म्हणून सातला निघायचं तर सहालाच उठावं लागतं.

राहिले अवचित आवाज. झोप मोडते ती शांततेत एकदम काही आपटल्यावर, म्हणून टेबलफॅन भिंतीकडे तोंड करून चालू ठेवायचा. त्याच्या घरघरीत बारीकसारीक आवाज बुडतात. इअरप्लग वहिनींना आधी निरुपयोगी वाटले होते, कारण त्या ते नुसते कानात टेकवत. फोमचा बोळा आधी बोटांनी वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढायचा, बोळा आत सरकवून अर्धा मिनिट दाबून धरायचा. समोरून बोळा बाहेर आलेला दिसत असेल, तर तो बसलेला नाही. गजर व्हायब्रेटवर ठेवून फोन उशीखाली.

खिडकीला काळं कापड आहेच. चहा शेवटचा पहाटे तीनला, कारण पाच-सहा तासांनंतरही त्यातलं निम्मं कॅफीन अंगात असतं. येताना गॉगलही लावतात, पण त्या लोकलने येतात म्हणून. स्वतः गाडी चालवणाऱ्याने लावू नये, पेंग वाढते.

हे सगळं करूनही महिनाभर झोप पाच तासांच्या आतच राहिली किंवा गाडीवर डुलकी आली, तर डॉक्टरांना दाखवा. झोपेच्या गोळ्या मनाने घेऊ नका.