शिवनेरीवरचा शुक्रवार

जुन्या चरित्रांत शिवाजी महाराजांचा जन्म 1627चा आहे, आज शासकीय शिवजयंती मात्र 1630 धरून 19 फेब्रुवारीला होते. मधली तीन वर्षं कुठून आली?

पहिलं साल बखरींतून आलं. मल्हार रामराव चिटणीसांच्या बखरीत शके 1549, वैशाख शुद्ध द्वितीया अशी मिती आहे. ही बखर 1810च्या सुमाराची, म्हणजे महाराजांच्या मृत्यूनंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी लिहिलेली. पुढच्या लेखकांनी तिच्यावरूनच साल उचललं, त्यामुळे दहा पुस्तकांत 1627 दिसलं तरी साक्षीदार दहा होत नाहीत.

1916 साली लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रसिद्ध केली. कान्होजी जेधे महाराजांचे सोबती. त्यांच्या घराण्यात जपलेल्या या टिपणात शके 1551, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, शिवनेरी अशी नोंद आहे. महाराजांच्या हयातीत त्यांच्या पदरच्या कवींद्र परमानंदांनी रचलेल्या शिवभारतातही हेच साल आणि हीच तिथी आहे. हे दोघे स्वराज्याच्याच वर्तुळातले, तेव्हा एकाची माहिती दुसऱ्याकडे गेली असेल, अशी शंका घेता येते. म्हणून मला जोधपूरला सापडलेली कुंडली फार मोलाची वाटते. इतक्या दूरच्या ज्योतिषी घराण्याच्या संग्रहातही जन्म त्याच वर्षीचा आहे.

आता शकावली पंचांगावर घासून पाहू. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो, पण शक चैत्रात सुरू होतो आणि फाल्गुन त्याचा शेवटचा महिना, म्हणून इथे 79 मिळवायचे. 1551 अधिक 79, म्हणजे 1630. इथे चुकलं तर आणखी एक खोटं साल जन्माला येतं. ती तिथी 19 फेब्रुवारीला येते. मोबाइलच्या कॅलेंडरात मागे जाऊन पाहिलं, तर त्या दिवशी मंगळवार दिसेल. घाबरू नका. 19 फेब्रुवारी ही तारीख तेव्हा इंग्रज वापरत त्या जुन्या, ज्युलियन पद्धतीची आहे. नव्या पद्धतीत दहा दिवस पुढे जाऊन 1 मार्च येतो, आणि तो शुक्रवारच आहे.

वाराचा मेळ बसला म्हणून नोंद खरी ठरतेच असं नाही, कारण सातात एकदा तो योगायोगानेही बसेल. पण हीच शकावली अफजलखानाचा वध शके 1581, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, गुरुवार असा देते, म्हणजे 10 नोव्हेंबर 1659, आणि तिथेही वार जुळतो. जिची दुसरी नोंद अशी तपासून खरी उतरते, तिच्या जन्मनोंदीला मी चिटणीसांच्या मितीपेक्षा कितीतरी अधिक वजन देतो. 1627 मानणारे अभ्यासक अजूनही आहेत. त्यांना उत्तर हवं असेल, तर महाराजांच्या काळातला, बखरींच्या आधीचा एखादा कागद शके 1549 सांगताना दाखवावा लागेल.