गैरनिरोध ते हिसकावणी : कायद्याच्या मराठीची साठ वर्षे

महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी अस्तित्वात आले आणि दोनच महिन्यांत, जुलैमध्ये, भाषा संचालनालय सुरू झाले. पुढे पदनाम कोश, शासन व्यवहार कोश, न्यायव्यवहार कोश असे जाडजूड ग्रंथ तयार झाले. पण कायद्याचे आख्खे पुस्तक मराठीत आणायला बसलेल्या माणसाची अडचण मोठ्या कोशाने पूर्ण सुटत नाही. कोश एका इंग्रजी शब्दापुढे तीन-चार पर्याय ठेवतो. ५११ कलमांच्या भारतीय दंड संहितेत त्यांतला एकच धरून शेवटपर्यंत चालावे लागते.

ही सक्ती मूळ कायद्यातच आहे. १८६० च्या संहितेचे सातवे कलम सांगते, की एखाद्या संज्ञेचा अर्थ एका ठिकाणी स्पष्ट केला, की ती सर्वत्र त्याच अर्थाने वापरलेली आहे. त्यात १९७३ च्या केंद्रीय कायद्याने राष्ट्रपतींच्या प्राधिकाराने प्रसिद्ध होणाऱ्या प्रादेशिक भाषांतल्या अनुवादांना प्राधिकृत पाठाचा दर्जा दिला. कोर्टात मराठी पाठच वाचला जाणार असेल, तर ‘डिसऑनेस्टली’साठी कलम २४ मध्ये एक शब्द आणि चोरीच्या कलम ३७८ मध्ये दुसरा, हे चालण्यासारखे नव्हते.

‘राँगफुल’ या एका विशेषणाचे काय केले ते पाहण्यासारखे आहे. कलम २३ मध्ये त्यासाठी ‘गैर’ धरला : गैरलाभ, गैरहानी. तोच पुढे ३३९ आणि ३४० मध्ये कामाला आला. माणसाला जायच्या दिशेने जाऊ न देणे म्हणजे गैरनिरोध. ठरावीक हद्दीबाहेर पडूच न देणे म्हणजे गैरपरिरोध. बोलताना आपण पहिल्याला ‘वाट अडवली’ आणि दुसऱ्याला ‘डांबून ठेवले’ म्हणतो, आणि ते झकासच आहे. पण दोन्हींसाठी ‘अडवणूक’ लिहिली, तर एक महिन्यापर्यंतच्या साध्या कैदेचा गुन्हा आणि एक वर्षापर्यंतच्या कारावासाचा गुन्हा यांतली रेघ पुसली जाते. (१९६८ मध्ये ‘निरोध’ हे नाव सरकारी कुटुंबनियोजनाने घराघरांत नेले, त्यामुळे या शब्दावर हसू येते ते कायद्याचा दोष नाही.)

अशा कामाचा छोटा शब्दसंग्रह पंचवीस-तीस नोंदींत मावतो. पण नुसत्या दोन रकान्यांनी भागत नाही. इंग्रजी संज्ञा, निवडलेला मराठी शब्द, तो पहिल्यांदा आला ते कलम आणि ‘हे वापरू नये’ असा चौथा रकाना लागतो. ‘डिसऑनेस्टली’पुढे ‘अप्रामाणिकपणे’ आणि चौथ्या रकान्यात ‘लबाडीने’. हा रकाना नसला की हात सवयीकडे वळतो, कारण पोलीस ठाण्याच्या फिर्यादीत आजही ‘लबाडीच्या इराद्याने चोरून नेले’ असेच लिहितात. शिवाय लबाडी ‘फ्रॉड्युलंटली’च्या अंगणातही शिरते, आणि त्यासाठी तर ‘कपटीपणाने’ राखून ठेवलेला असतो.

एका इंग्रजी शब्दाला नेहमी एकच मराठी शब्द, हा हट्ट मात्र कायद्याच्या सीमेवर सोडावा लागतो. ‘एक्झिक्यूशन’ हुकूमनाम्याचे असेल तर अंमलबजावणी, दस्ताचे असेल तर निष्पादन. तिथे संग्रहात दोन नोंदी आणि प्रत्येकीपुढे कशाच्या संदर्भात, एवढी टीप हवी.

तपासणी साधी असते : मूळ पाठात संज्ञा जितक्या वेळा, तितक्या वेळा मराठीत तिचा शब्द आला का, हे मोजायचे. इथे मराठीचे सामान्यरूप चकवते. ‘गैरपरिरोधाची’मध्ये मूळ शब्द शाबूत राहतो, म्हणून शोधात सापडतो, ‘शिक्षा’ मात्र ‘शिक्षेस’ होते, म्हणून ‘शिक्ष’ एवढाच तुकडा शोधावा लागतो, आणि त्यात ‘शिक्षक’ही हाती लागतो. आकडे जुळले नाहीत म्हणजे चूक झालीच असे नाही. मराठी वाक्याने कधी सर्वनामाने काम भागवलेले असते. पण नेमके कोणते परिच्छेद पुन्हा वाचायचे ते कळते.

१ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता लागू झाली तेव्हा या जुन्या शब्दांची कसोटी लागली. ५११ कलमांची ३५८ झाली. सातव्या कलमाचा नियम कलम ३ मध्ये गेला. बऱ्याच व्याख्या कलम २ मध्ये इंग्रजी अकारविल्हे एकत्र आल्या. मराठीत खंडांचे क्रमांक तेच ठेवायचे असल्याने तो अकारविल्हे क्रम उरत नाही, आणि शब्द शोधायला वेगळी यादी लागतेच. गैरनिरोध, गैरपरिरोध, सदोष मनुष्यवध या संकल्पना नव्या कायद्यातही तशाच आहेत, त्यामुळे त्यांचे शब्द बदलायचे कारण नव्हते. ‘संघटित गुन्हेगारी’ मराठीला १९९९ च्या मोक्कापासून ओळखीची होती.

बदलला तो कलमांचा रकाना. जुने ३०४ म्हणजे खून न ठरणाऱ्या सदोष मनुष्यवधाची शिक्षा. ती आता १०५ मध्ये आहे. नव्या संहितेत ३०४ वर हिसकावून चोरी करण्याचा गुन्हा बसला आहे. त्या तारखेपूर्वीच्या गुन्ह्यांचे खटले जुन्या संहितेनेच चालत असल्याने अनुवादकाच्या यादीत आता प्रत्येक शब्दापुढे दोन क्रमांक आणि दोन वर्षे लिहावी लागतात.