चकली जुनी, पाटी नवी

सकाळी साडेसात. दिवाळीला अजून सहा आठवडे आहेत. मिरजेत पाऊस पुरता थांबलेला नाही, आणि माझ्यासमोर लॅपटॉपवर फराळाचे जुने व्हिडिओ उघडलेले आहेत. चॅनेल वहिनींचं. स्वयंपाक त्यांचा, कॅमेरा, जुळणी आणि बाकीची हमाली माझी. दर वर्षी सप्टेंबरात मी एक दिवस नवं काही न करता जुन्यालाच हात लावतो. भाजणी दिवाळीच्या बऱ्याच आधी भाजून गिरणीवर जाते, त्यामुळे चकली शोधणारे लाडूवाल्यांच्या आधी येतात. वसुबारसेला पाटी बदलून उपयोग नाही.

पहिलं काम म्हणजे तारखा नीट लावणं. ‘गेले २८ दिवस’ हा स्टुडिओचा नेहमीचा हिशेब फराळाला लागू पडत नाही, श्रावणात चकली कोण बघणार? म्हणून मी गेल्या वर्षीचे दिवाळीआधीचे चार आठवडे निवडतो आणि प्रत्येक व्हिडिओला तीन प्रश्न विचारतो. लोकांना दिसला का? दिसल्यावर त्यांनी दाबला का? दाबल्यावर थांबले का? टायटल, थंबनेल आणि डिस्क्रिप्शन बदलून बरं होणारं दुखणं मुख्यतः दुसऱ्या प्रश्नातलं असतं. बाकीच्या दोन दुखण्यांवर नवी पाटी म्हणजे तापावर गंध.

नऊ वाजेपर्यंत तीन व्हिडिओ बाजूला काढले.

अनारसे जेमतेम काहीशे वेळा दिसले होते. एवढ्या थोड्या आकड्यांवरून चांगलं-वाईट ठरवता येत नाही. सोडून दिले. शंकरपाळीचं उलट होतं. लोक दाबत होते भरपूर, पण पहिल्या मिनिटातच पळत होते. व्हिडिओ लावून पाहिला तर वहिनी पन्नास सेकंद नमस्कार, शुभेच्छा आणि ‘आवडला तर सबस्क्राइब करा’ म्हणत होत्या. इथे पाटीचा दोष नाही, उंबरठा उंच आहे. त्याला संध्याकाळी कात्री.

तिसरी भाजणीची चकली, २०१९ सालची, चौदा मिनिटांची. चार आठवड्यांत थंबनेल सुमारे ३८ हजार वेळा समोर आलं, आणि दाबणाऱ्यांचं प्रमाण, म्हणजे सीटीआर, २.१ टक्के. म्हणजे आठशेच्या आसपास माणसं आत आली. पण आलेली सरासरी सहा मिनिटांहून जास्त बसली. यूट्यूब स्वतः सांगतं की निम्म्या चॅनेलांचा आणि व्हिडिओंचा सीटीआर २ ते १० टक्क्यांत असतो, तेव्हा २.१ म्हणजे त्या रांगेची शेपटी. आतला माल चांगला, दार मात्र कुणाला दिसत नाही. आजचा दिवस हिचा.

साडेनऊ. आता पाटीवर लिहायचं काय? जुनं टायटल होतं, ‘आईच्या हातची चकली | दिवाळी फराळ भाग ३’. आमच्या घरात ते गोड वाटतं. पण कुणाच्या आईच्या हातची, हे बाहेरच्याला काय ठाऊक? आणि ‘भाग ३’ वाचून माणसाला वाटतं, आधीचे दोन भाग बघितल्याशिवाय कळणार नाही.

नवे शब्द मी डोक्यातून काढत नाही, दोन ठिकाणी शोधतो. एक, ट्रॅफिक सोर्समध्ये यूट्यूब सर्च उघडलं की लोकांनी काय टाइप करून हा व्हिडिओ गाठला त्याची यादी मिळते. आमच्या यादीत वरचे बहुतेक शब्द रोमन लिपीतले आहेत: `bhajani chakli recipe in marathi`, `chakli tutate upay`. माणूस मराठी, मन मराठी, कीबोर्ड मात्र इंग्रजी. म्हणून टायटलमध्ये देवनागरीच्या शेवटी दोन-तीन रोमन शब्द ठेवतो. दिसायला मला ते आवडत नाहीत, पण शोधणाऱ्याच्या बोटांशी भांडून काय मिळणार!

दुसरी जागा म्हणजे लोक कुठवर बघतात तो आलेख. तो सहसा उताराचा असतो. या व्हिडिओत मात्र ९:४० ला एक उंचवटा आहे, म्हणजे तेवढा भाग लोक मागे जाऊन पुन्हा बघतात किंवा थेट तिथेच उडी मारतात. त्या ठिकाणी वहिनी तुटलेली चकली हातात घेऊन सांगतात, पीठ कोरडं राहिलं की सोऱ्यातून पाडतानाच तुटते, मोहन जास्त झालं की तेलात विरघळते. एका वाटी पिठाला एक टेबलस्पून कडकडीत तेल, त्याहून जास्त नाही. चौदा मिनिटांतलं सोनं ते, आणि आम्ही पाटीवर लिहिलं होतं ‘भाग ३’.

वहिनी चहा घेऊन आल्या. मी वाचून दाखवलं, “चकली कधीच तुटणार नाही, १०० टक्के गॅरंटी.”

“भाऊजी, गॅरंटी कशाला देता? माझीही गेल्या वर्षी तुटली होती.”

बरोबर होतं त्यांचं. असं टायटल दाबायला लावतं, पण आत गॅरंटी नसते, मग माणूस निघून जातो. यूट्यूब बदललेल्या टायटलला बदल केला म्हणून बक्षीस देत नाही. बदलानंतर लोक कसे वागतात तेवढंच पाहतं. शेवटी ठरलं, ‘भाजणीची चकली तुटते का? मोहनाचं अचूक प्रमाण | Bhajani Chakli Recipe’. टायटलला शंभर अक्षरांची मुभा असते, पण फोनवर शेपूट कापली जाते, म्हणून ‘चकली तुटते’ अगदी पुढे आणि रोमन शब्द मागे.

साडेदहा ते बारा, फोटो. जुनं थंबनेल व्हिडिओतलीच एक चौकट थांबवून काढलेलं होतं. ताटभर चकल्या, पिवळा उजेड, वर आठ शब्दांची ओळ, आणि ‘भाग ३’ नेमका उजव्या खालच्या कोपऱ्यात, जिथे यूट्यूब व्हिडिओची लांबी छापतं. म्हणजे तो भाग कुणी कधी वाचलाच नसेल.

वहिनींनी मुद्दाम थोडं पीठ कोरडं मळून तुटक्या चकल्या पाडल्या आणि दुसऱ्या पिठाच्या चांगल्या. खिडकीच्या उजेडात फोटो काढले, कारण तळलेल्या पदार्थाचे काटे बाजूने उजेड आला तरच दिसतात. ट्यूबलाइटखाली चकली म्हणजे तपकिरी चकती. तीन थंबनेलं केली, १२८० बाय ७२० मापाची. पहिल्यात तुटकी आणि अखंड चकली शेजारी-शेजारी, वर एकच शब्द, ‘मोहन?’. दुसऱ्यात फक्त हातात मोडलेली चकली, अक्षरं नाहीत. तिसऱ्यात वहिनी आणि सोऱ्या. टायटलमधले शब्द थंबनेलवर पुन्हा लिहायचे नाहीत, ती जागा फुकट जाते. मग तिन्ही आईच्या फोनवर पाठवून हात लांब करून बघितली. दुसऱ्या फोटोतली चकली एवढ्याशा आकारात जिलबी वाटत होती. ती जवळून पुन्हा काढावी लागली.

साडेबारा. बदल मी मुद्दाम या वेळेला करतो. स्टुडिओचा दिवस अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेने उलटतो आणि सप्टेंबरात आपल्याकडे तेव्हा दुपारचे साडेबारा वाजलेले असतात. सकाळी दहाला बदललं तर तो दिवस अर्धा जुना, अर्धा नवा निघतो आणि तुलना गढूळ होते.

आधी टायटल बदललं. मग तिन्ही थंबनेलं चाचणीला लावली. यूट्यूब ती वेगवेगळ्या प्रेक्षकांना दाखवतं आणि कुठल्याने जास्त वेळ बघितलं गेलं ते मोजतं, नुसते दाब नाही. याला दोन आठवडे लागू शकतात, आणि तोवर टायटल-थंबनेलाला हात लावायचा नाही. सहा आठवडे आधी बसण्याचं हे दुसरं कारण.

जेवण. भात, आमटी आणि तुटक्या चकल्या.

अडीच वाजता डिस्क्रिप्शन. जुन्याच्या पहिल्या चार ओळींत नमस्कार आणि आमच्या इतर पानांचे दुवे होते. न उघडता दिसतात त्या पहिल्या एक-दोन ओळीच. तिथे आता भाजणीचं प्रमाण आणि मोहनाचं माप बसवलं. खाली भागांच्या वेळा लिहिल्या. त्या 0:00 पासून सुरू व्हाव्या लागतात, निदान तीन असाव्या लागतात आणि प्रत्येक भाग दहा सेकंदांचा तरी हवा, नाहीतर पट्टीवर तुकडे पडतच नाहीत.

```
0:00 भाजणीचं प्रमाण
2:15 धान्य भाजणं
6:05 मोहन आणि पीठ मळणं
9:40 चकली का तुटते?
11:30 तळण्याची आच
```

टॅगांवर पाच मिनिटंही घालवली नाहीत. त्यांचा उपयोग मुख्यतः लोक ज्या शब्दांचं स्पेलिंग चुकवतात तेवढ्यापुरता. ‘चकली’चं स्पेलिंग `chakali` असं करणारे पुष्कळ आहेत, ते एक टाकलं.

चार वाजता वहिनींनी विचारलं, “आता पुरणपोळीचंही बदलून टाकायचं का?”

नाही! तिचं माझ्या हातून एकदा वाटोळं झालंय. पुरणपोळीचा व्हिडिओ सर्चमधून वर्षानुवर्षं गुपचूप माणसं आणत होता. मला त्याचं टायटल मिळमिळीत वाटलं, म्हणून ‘ही चूक तुम्हीही करता!’ असं केलं. पुरणपोळी हा शब्दच गायब. काही आठवड्यांत सर्चमधून येणारे निम्म्यावर आले. जुनं टायटल परत लावल्यावर थोडे परतले, सगळे नाहीत. तेव्हापासून कुठल्याही बदलाआधी जुनं टायटल, जुनं डिस्क्रिप्शन आणि थंबनेलची फाइल मी वहीत आणि फोल्डरमध्ये ठेवतो. जो चालतोय त्याच्या वाटेला जात नाही.

पाच वाजता शंकरपाळीला कात्री. व्हिडिओची फाइल बदलता येत नाही, पण स्टुडिओच्या एडिटरमधून मधला तुकडा कापता येतो, दुवा आणि आधीचे व्ह्यूज तसेच राहतात. ०:०८ ते ०:५८ कापलं आणि सेव्ह केलं. प्रक्रिया व्हायला काही तास जातात, तोवर जुनाच व्हिडिओ दिसत राहतो.

संध्याकाळी सात. वहीत चकलीच्या नोंदीखाली ‘चिवडा’ असं लिहून चौकट केली. पुढच्या महिन्यात चकलीचे आकडे वाढणारच, दिवाळी आहे म्हणून. ती वाढ पाटीची की सणाची, हे कसं कळणार? म्हणून चिवड्याचा जुना व्हिडिओ अजिबात न बदलता ठेवला आहे. गेल्या वर्षीपेक्षा दोन्ही सारखेच वाढले तर श्रेय पणत्यांचं. चकलीचं प्रमाण चिवड्यापेक्षा उठून वर गेलं तरच आजचा दिवस कामी आला. तेही सर्चमधला सीटीआर सर्चशी आणि होमवरचा होमशीच ताडून, कारण व्हिडिओ नव्या, अनोळखी लोकांना दिसायला लागला की एकूण सीटीआर खाली येतो, आणि घाबरून माणूस चांगला बदल मागे घेतो. मीही घेतलाय. आकडे एक-दोन दिवस उशिरा येतात, तेव्हा उद्या डोकवायचं नाही.

“किती झाले?” वहिनींनी विचारलंच.

“दहा दिवसांनी सांगतो.”

रात्री अकराला शंकरपाळीचा कापलेला व्हिडिओ तयार झाला. लावून बघितला. आठव्या सेकंदाला वहिनी थेट तूप-साखर-दुधाच्या मापावर येतात. पण डिस्क्रिप्शनमध्ये ‘तळणं’वर बोट ठेवलं तर चुलीवरची कढई निघून गेलेली, ताटात शंकरपाळ्या मांडलेल्या. 0:00 सोडून भागांच्या सगळ्या वेळा पन्नास सेकंदांनी पुढे राहिल्या होत्या. एकेक करून मागे घेतल्या आणि दिवा घालवला.