तिकीट गिऱ्हाइकाकडे, हिशोब आपल्याकडे

गेल्या वर्षी आमच्या गटाच्या खाद्यजत्रेत चारशे रुपयांचा मेळ लागेना. तिकिटं सुटी होती, कोणी किती विकली त्याची नोंदच नव्हती. दोघीजणी महिनाभर एकमेकींशी बोलत नव्हत्या. यंदा आम्ही स्थळप्रतीची तिकिटं केली. ती कशी, ते सांगते.

पन्नास रुपयांची 300 तिकिटं हवी होती. ए-फोर कागद उभा धरला की एकाखाली एक अशी चार तिकिटं बसतात, म्हणजे 75 कागद. प्रत्येक तिकिटाच्या डावीकडे सात सेंटीमीटर स्थळप्रत. तिच्या कडेचा दीड सेंटीमीटर कोरा सोडा, तिथं पिना बसतात. स्थळप्रतीवर नंबर, रक्कम आणि घेणाऱ्याचं नाव. उजवीकडे तोच नंबर, कार्यक्रम, तारीख, जागा. नंबर दोन्हीकडे हवाच. एकीकडेच असला तर फाडल्यावर कोणतं तिकीट कोणी विकलं ते कळत नाही.

आता खरी गंमत नंबरांची. पहिल्या कागदावर 1, 2, 3, 4 घातले तर कापल्यावर वरच्या गठ्ठ्यात 1, 5, 9 असे नंबर येतात, आणि मग 300 तिकिटं लावत बसायची. म्हणून पहिल्या कागदावर वरून खाली 1, 76, 151, 226 घाला. दुसऱ्यावर 2, 77, 152, 227. असं 75 कागदांपर्यंत. कापले की चार गठ्ठे मिळतात, प्रत्येकात नंबर ओळीनं. एका गठ्ठ्याची पंचवीस-पंचवीसची तीन बुकं, एकूण बारा.

फाडायची रेघ छापखान्यात मारून मिळते. आम्ही शिलाई मशीनवर मारली. दोरा काढायचा, बॉबिनसुद्धा, टाका मोठ्यात मोठा ठेवायचा. सुई जुनी घ्या, कागदानं ती बोथट होते, मग कापडाला चालत नाही. कागद कापायच्या आधीच शिवायचा, म्हणजे एकाच सरळ शिवणीत चारही तिकिटांची रेघ होते. एका वेळी दोनच कागद घ्या, जास्त घेतले की सरकतात. आधी रद्दीवर करून बघा. भोकं फार जवळ पडली तर बुक चाळतानाच तिकीट गळतं, फार लांब पडली तर रेघ सोडून भलतीकडे फाटतं. रेघेच्या दोन्ही बाजूंना अर्धा सेंटीमीटर काही लिहू नका.

मग कापणं. ते मात्र छापखान्यातच करून घेतलं, कात्रीनं गठ्ठा सरळ कापला जात नाही. शेवटी पिना.

बुक देताना वहीत नाव आणि नंबर लिहून सही घेतली. एकीकडे 76 ते 100 चं बुक होतं. संध्याकाळी ते परत आलं तेव्हा 93 पासूनची तिकिटं जागेवर होती. म्हणजे 76 ते 92, सतरा तिकिटं, 850 रुपये. तिच्या बटव्यात आठशेच निघाले. स्थळप्रती चाळल्या, तर 84 वर तिनंच लिहिलेलं होतं: ‘उधार’. दुसऱ्या दिवशी ते पन्नास रुपये आले.